मानस बंद करा, असे तो म्हणालाच नव्हता

फोंडा तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावातले वयस्कर शेतकरी खाजन शेतीवरच्या बैठकीत बोलले, त्याचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. घरात कोकणी बोलणारा, पण हातात माईक आला की मराठीत सुरू होणारा माणूस. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत असे लोक गावोगाव भेटतात. एका संस्थेने पणजीत दुभाष्यांची निवड चाचणी घेतली, तेव्हा याच मुद्रणातला एक तुकडा उमेदवारांना ऐकवायचा असे ठरले. उमेदवाराने काचेच्या बूथमध्ये बसायचे, कानात मराठी ऐकायचे आणि बोलणारा थांबण्याची वाट न पाहता इंग्रजीत सांगत राहायचे. निवड मंडळात आम्ही पाच जण होतो. तुकडा असा होता:

"गेल्या वर्षी मानशीची पावणी पावणेदोन लाखांत गेली. ते पैसे बांधाला लावले, असं कमिटी सांगते. पण बांधावर एक टोपली माती पडल्याचं आम्ही कोणी पाहिलेलं नाही. ज्यानं मानस घेतली, तो भात पोटरीत असतानासुद्धा रात्री दारं उघडी ठेवतो, मासळीसाठी. खारं पाणी आत येतं. आमच्या एकोणऐंशी कुळांपैकी निम्म्यांनी तरी यंदा शेत केलं नाही. आम्ही मानस बंद करा म्हणत नाही. मानशीची दारं शेतकऱ्यांच्या ताब्यात द्या म्हणतो."

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगायला हवेत. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. मानस म्हणजे त्या बांधातला दरवाजा. भरती आली की पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतले पाणी बाहेर जाते. या वाहत्या पाण्यात मासळी सापडते, म्हणून मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. त्या लिलावाला गोव्यात पावणी म्हणतात. भात पोटरीत असणे म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी पानांच्या आवरणात भरत असणे. दारे जितकी जास्त वेळ उघडी, तितकी मासळी जास्त आणि तितकेच खारे पाणी भातात. सगळे भांडण इथे आहे.

दोन उमेदवार शेवटपर्यंत टिकले. पहिल्याचा आवाज खोल आणि संथ होता, वाक्ये आखीवरेखीव होती, एकदाही अडखळला नाही. दुसरी मध्येच चार-पाच सेकंद गप्प राहायची, मग भरभर बोलायची, एकदा तर "चूक झाली, दुरुस्त करते" असे म्हणून तिने शब्द बदलला. मंडळातल्या चौघांनी पहिल्याला जास्त गुण दिले. मीही दिले असते, कारण बाकीच्यांसारखीच मीही त्या दिवशी हेडफोनवर फक्त इंग्रजी ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मी मूळ आणि भाषांतर एकत्र लावून ऐकले आणि तेव्हा घाम फुटला.

पहिल्याने सांगितलेल्या इंग्रजीचा मराठीत अर्थ असा होतो: गेल्या वर्षी मानशीचा लिलाव एक लाख पंच्याहत्तर हजारांना झाला, ते पैसे बांधाच्या कामाला वापरले गेले, पण बांधावर घातलेली माती पुरेशी नव्हती. ठेकेदार रात्री मासळीसाठी दारे उघडी ठेवतो, खारे पाणी आत येते, एकोणऐंशी कुळांपैकी निम्म्यांनी तरी यंदा शेती केली नाही. मानस बंद करावी किंवा शेतकऱ्यांच्या ताब्यात द्यावी, अशी आमची मागणी आहे.

शेतकरी बाबांनी कमिटीच्या दाव्यावर बोट ठेवले होते. इंग्रजीत तो दावा वस्तुस्थिती होऊन गेला. त्यांनी एक टोपलीही माती पडल्याचे कोणी पाहिले नाही असे म्हटले होते, ते "माती पुरेशी नव्हती" इतके मवाळ झाले. आणि जे आम्ही म्हणत नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले, तीच त्यांची मागणी ठरली. हे इंग्रजी कोणत्याही अहवालात गेले असते, तर वाचणाऱ्याला त्यात खटकण्यासारखे काहीही सापडले नसते. सुसंगत, सभ्य, आणि बोलणाऱ्याच्या विरुद्ध.

माझे म्हणणे एवढेच आहे की दुभाष्याची परीक्षा फक्त भाषांतर ऐकून होऊच शकत नाही, आणि आपल्याकडे ती जवळजवळ नेहमी तशीच होते. परिसंवाद संपला की कागद वाटतात. आवाज स्पष्ट होता का, ओघ होता का, समाधान झाले का, असे प्रश्न त्यावर असतात. उत्तर देणारा तोच, ज्याला मूळ भाषा कळत नाही. कळली असती तर त्याने हेडफोन लावलाच नसता. दुकानात वजनकाटा झाकून ठेवायचा आणि माल किती मिळाला हे गिऱ्हाइकालाच विचारायचे, तसे हे आहे.

ऐकणारा कसा फसतो, हे ग्रानादा विद्यापीठातल्या आंखेला कोयादोस आइस यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून दिले. मजकूर अचूक पण आवाज एकसुरी ठेवला, तेव्हा श्रोत्यांनी आवाजाला कमी गुण दिलेच, शिवाय अचूकतेलाही कमी दिले. मूळ भाषण न कळणारा माणूस अचूकतेचा अंदाज आवाजावरून बांधतो. यात श्रोत्याचा दोष नाही. त्याच्या हातात दुसरे काही दिलेलेच नसते.

मग तपासायचे कसे? पहिली गोष्ट, मुद्रण दोन ट्रॅकचे हवे: एका कानात बोलणारा, दुसऱ्या कानात दुभाषी, दोन्ही एकाच घड्याळावर. मग मूळ तुकड्याचे अर्थाचे कण पाडायचे. वरच्या तुकड्यात मी अठरा पाडले. गेल्या वर्षी, हा एक. मानस, पावणी, पावणेदोन लाख, हे प्रत्येकी एक. "पैसे बांधाला लावले" हा एक आणि "असं कमिटी सांगते" हा त्याहून वेगळा एक, कारण कोण म्हणते हे गेले तर वाक्याचा जीव जातो. याच रीतीने पुढे पोटरीतले भात, रात्र, उघडी दारे, मासळी, खारे पाणी, एकोणऐंशी, कुळे, असे शेवटपर्यंत. ही पद्धत माझी नाही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या दुभाष्यांची तोंडी परीक्षा याच तत्त्वावर चालते. उताऱ्यांमध्ये मिळून २२० कण आधीच खुणावलेले असतात, प्रत्येक कण आला की नाही आला एवढेच पाहतात, आणि उत्तीर्ण व्हायला ८० टक्के लागतात.

या पद्धतीने मी दोघांचे गुण मोजले. पहिल्याचे अठरापैकी चार कण गेले: कमिटीचा हवाला, न पडलेली माती, पोटरीतले भात आणि शेवटचा नकार. दुसरीचेही चारच गेले. "गेल्या वर्षी" तिने सोडले, "रात्री" सोडले, एकोणऐंशीचे "सुमारे ऐंशी" केले आणि "निम्म्यांनी तरी" मधला "तरी" गाळला. म्हणजे दोघेही अठरापैकी चौदा, शेकडा अठ्ठ्याहत्तर. नुसत्या मोजणीने दोघे बरोबरीत सुटले. पण हे दोन चार सारखे आहेत, असे कोण म्हणेल?

म्हणून वजन लावावे लागते. टीव्हीवरच्या थेट भाषांतरित उपशीर्षकांची तपासणी करताना चुकीचे तीन दर वापरतात: किरकोळ चूक पाव, मोठी चूक अर्धी, घातक चूक पूर्ण एक. घातक म्हणजे अशी, की ऐकणाऱ्याला ती चूक आहे हे कळत नाही आणि तो खोट्या माहितीवर पुढे जातो. ही फोड मला फार उपयोगी वाटते, कारण ती ऐकणाऱ्याच्या असहायतेवरच बेतलेली आहे. "सुमारे ऐंशी" ही पाव चूक. वर्ष गाळणे पाव, "तरी" गाळणे पाव. "रात्री" गाळणे मी अर्धी धरली, कारण त्या शब्दात चोरून उघडणे आहे. दुसरीचे मिळून सव्वा. पहिल्याचा हवाला गेला तो एक, माती एक, नकार उलटला तो एक, आणि पोटरी अर्धी, कारण त्याशिवाय खाऱ्या पाण्याने नेमके नुकसान का होते हेच कळत नाही. मिळून साडेतीन. सव्वा आणि साडेतीन. हॉलमध्ये ज्याला पहिले ठरवले, त्याच्या चुकांचे ओझे तिच्याहून जवळजवळ तिप्पट.

वजने दुभाष्याचे बोलणे ऐकण्याआधी, मूळ तुकड्यावरच लावून ठेवायची. आधी ऐकले की आवडत्या आवाजाची चूक हलकी वाटायला लागते, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिले आहे. दोन परीक्षकांनी वेगवेगळी वजने लावायची आणि फरक पडेल तिथे बसून बोलायचे. "रात्री" वर माझे आणि माझ्या सहकाऱ्याचे आजही जमत नाही. तो पाव म्हणतो. असे मतभेद राहणारच. पण नकार उलटणे ही घातक चूक आहे, यावर वाद झालेला मी पाहिला नाही.

आता विलंब. बोलणाऱ्याचा शब्द आणि दुभाष्याच्या तोंडून त्याचा येणारा अर्थ यांतले अंतर साधारण दोन ते चार सेकंदांचे असते, कधी त्याहून बरेच वाढते. आपल्याकडे समज असा की अंतर जितके कमी, तितका दुभाषी तरबेज. मराठीतून इंग्रजीत जाताना हा समज घात करतो. मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. "आम्ही मानस बंद करा" इथपर्यंत ऐकून जो बोलायला लागला, त्याच्यासाठी "म्हणत नाही" हे उशिरा येते. पहिल्या उमेदवाराचे नेमके हेच झाले. त्याचे सरासरी अंतर दोन सेकंदांचे होते. "करा" कानावर पडताच त्याने इंग्रजीत बंद करण्याची मागणी सुरू केली. पुढचे "म्हणत नाही" त्याने ऐकले असणार, पण तोवर वाक्य तोंडातून निघाले होते. ते मोडून दुरुस्त करण्याऐवजी त्याने पुढच्या वाक्यातला ताबा "किंवा" लावून जोडून टाकला. वाक्य सुंदर झाले. "एक टोपली माती पडल्याचं" इथेही तेच. माती पडल्याचे तो आधीच सांगून बसला होता, मग "पाहिलेलं नाही" आल्यावर "पुरेशी नव्हती" अशी तडजोड केली.

दुसरीचे सरासरी अंतर साडेचार सेकंदांचे. या दोन्ही वाक्यांना ती क्रियापद येईपर्यंत थांबली. हॉलमध्ये ज्या शांततेसाठी तिचे गुण कापले, ती शांतता म्हणजे "नाही" ची वाट पाहणे होते. मात्र "पावणेदोन लाख" आला तेव्हा तिचे अंतर एकदम सेकंदभरावर आले. आकडा आणि नाव स्मरणात टिकत नाहीत, त्यांना मागचापुढचा संदर्भ धरून ठेवत नाही, म्हणून आले की लगेच टाकून द्यायचे असतात. चांगल्या दुभाष्याचे अंतर असे लवचिक असते: क्रियापदासाठी ताणते, आकड्यासाठी आकसते. त्यामुळे विलंबाची सरासरी काढून तिला गुण देणे मला निरर्थक वाटते. मी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक लावते, प्रत्येक कणाची सुरुवात खुणावते आणि अंतर कुठे ताणले, कुठे आकसले, ते पाहते.

ताणण्यालाही हद्द असते, आणि तिची किंमत तिथल्या तिथे दिसत नाही. दान्येल जील या अभ्यासकाने दुभाष्याचे काम ऐकणे, लक्षात ठेवणे, बोलणे आणि या तिघांचा मेळ घालणे, असे मांडले आहे. त्यांचे निरीक्षण असे की दुभाषी बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या काठावरच काम करत असतो, म्हणून एका जागी जास्त ताकद खर्च झाली की पडझड पुढच्या, तशा सोप्या जागी होते. दुसरीने "रात्री" का सोडले? शब्द काही अवघड नव्हता. पण "पाहिलेलं नाही" साठी थांबल्यामुळे ते वाक्य तिच्या तोंडात होते, तेवढ्यात कानात "पोटरीत" आला. पोटरीतल्या भाताला इंग्रजीत काय म्हणावे, या शोधात दोन सेकंद गेले आणि "रात्री" तेवढ्यात वाहून गेला. पोटरी मिळाली, रात्र गेली. परीक्षकाने चूक दिसली की पाच ते दहा सेकंद मागे जाऊन पाहायला हवे. कारण तिथे असते. नाहीतर "सोप्या शब्दाला चुकली, निष्काळजी आहे" असा शेरा पडतो. चाचणीत तिच्याबद्दल अगदी तोच पडला.

वेगाबद्दलही एक गैरसमज बाहेरून जसाच्या तसा आला आहे. मिनिटाला १०० ते १२० शब्द हा दुभाष्याला पेलणारा वेग, असे पुस्तकांत असते. ते युरोपीय भाषांवरच्या प्रयोगांतून आले आहे. वरचा तुकडा ६१ शब्दांचा आहे आणि बाबांनी तो ३५ सेकंदांत म्हटला, म्हणजे मिनिटाला साधारण १०५. कागदावर आरामाचा वेग. पण आपली भाषा प्रत्यय चिकटवते. "असतानासुद्धा", "कुळांपैकी", "मानशीची", "मासळीसाठी" हे एकेक शब्द इंग्रजीत दोन, तीन, चार होतात. तेच सगळे इंग्रजीत नीट सांगायला शंभरावर शब्द लागतात, म्हणजे मिनिटाला १७० च्या पुढे. तेवढ्या वेळात बोलणाऱ्याने १०५ शब्द म्हटले आणि दुभाष्याला १७० म्हणावे लागले. शब्द मोजून "भाषण तर संथ होते" असे दुभाष्याला सुनावणारे परीक्षक मी पाहिले आहेत. मराठीसाठी मिनिटाला अर्थाचे कण किती, हेच माप न्याय्य आहे.

धीर, किंवा दडपणाखालची स्थिरता, हा सगळ्यात फसवा निकष. कारण त्याचे बाहेरचे रूप म्हणजे आवाज, आणि आवाज पहिल्या उमेदवाराचा होता. मी धीर चुकीनंतरच्या पंधरा सेकंदांत पाहते. चूक लक्षात आली की दुभाषी काय करतो? अर्धे वाक्य सोडून देतो, आवाज चढतो, पुढच्या दोन-तीन कणांचा बळी जातो, की वाक्य पुरे करून, "दुरुस्ती" असे एका शब्दात सांगून पुन्हा मार्गावर येतो? दुसरीने पावणी हा शब्द आधी "निविदा" या अर्थाने सांगितला, मग तिच्या लक्षात आले आणि तिने "चूक झाली, दुरुस्त करते, लिलाव" असे म्हटले. पुढचा कण तिने चुकवला नाही. हाच धीर. आमच्या गुणपत्रिकेत मात्र अडखळणे या रकान्यात त्याचे दोन गुण गेले. दुरुस्तीला शिक्षा दिली की दुभाषी काय शिकेल, हे सांगायला नको. तो "किंवा" लावायला शिकेल.

थांबा म्हणणेही धीर सुटल्याचे लक्षण नव्हे. तत्काळ भाषांतर मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा चालले ते न्युरेंबर्गच्या खटल्यात, १९४५-४६ मध्ये. तिथे दुभाष्यांच्या हाताशी दिव्यांची सोय होती. पिवळा दिवा लागला की बोलणाऱ्याने सावकाश व्हायचे, तांबडा लागला की थांबायचे. जिथे माणसांच्या जिवाचा निवाडा होत होता, तिथे दुभाष्याला न्यायालय थांबवण्याची मुभा होती. आपल्या बूथमध्ये दुभाष्याने सूत्रधाराला खूण केली तरी त्याच्याविषयी "झेपले नाही" असे बोलले जाते.

आणि धीर कधी तपासायचा? आमची चाचणी दहा मिनिटांची होती. बूथमध्ये दोघे असतात आणि वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलते, ती उगाच नाही. बार्बरा मोझर-मेर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दुभाष्यांना थकेपर्यंत बोलत ठेवून पाहिले. अर्ध्या तासानंतर चुका वाढत गेल्या आणि दुभाष्यांना स्वतःला त्याचा नीट पत्ताच नव्हता. म्हणजे दुभाष्याला "दमलात का" असे विचारूनही उपयोग नाही. खर्च वाचवायला एकाच दुभाष्याला दीड तास बसवणारे आयोजक गोव्यात कमी नाहीत. त्यांच्याकडचे मुद्रण तपासायचे असेल तर पहिली दहा मिनिटे सोडा आणि शेवटची ऐका.

माझ्यावर नेहमीचा आक्षेप असा की एवढे करायला वेळ कोणाला आहे. खरे आहे, ३५ सेकंदांचा हा तुकडा दोघांसाठी तपासायला माझी जवळजवळ पूर्ण सकाळ गेली. पण अख्खे भाषण तपासा, असे मी म्हणतच नाही. सुरुवात, मध्य आणि शेवट यांतून मिनिटामिनिटाचे तीन तुकडे काढले तरी माणूस कळतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ऐकणाऱ्याला तुटक, थांबत-थांबत येणारे भाषांतर नकोसे होते, तो हेडफोन काढून ठेवतो, मग अचूकता कोणासाठी? हे मी मान्य करते. दुसरीच्या सहा सेकंदांच्या एका शांततेत मलाही माईक बंद पडला असे वाटले होते. तिने ती पोकळी भरायला शिकले पाहिजे, "मानशीबद्दल सांगायचे तर" असे काही निरुपद्रवी बोलून थांबता येते. ओघाला गुण जरूर द्या. पण ते वेगळ्या रकान्यात द्या आणि घातक चुकीची भरपाई त्यातून होऊ देऊ नका.

गाळणे म्हणजे नेहमी चूकच, असेही नाही. "म्हणजे बघा", "काय ते", एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणे, हे दुभाष्याने आटोपले तर मी कण कापत नाही. पण पुनरुक्तीत राग असेल तर तो राग इंग्रजीत यायला हवा. परिपूर्णता म्हणजे शब्दांची भरती नव्हे. बोलणाऱ्याने ज्यासाठी तोंड उघडले ते पलीकडे पोचले की नाही, एवढेच.

गोव्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथे बोलणाऱ्याची आणि ठरवणाऱ्याची भाषा बहुधा वेगळी असते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद ठेवली. पण सल्लागाराचा अहवाल इंग्रजीत, उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत. पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीत लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांचे निवेदन स्थानिक भाषेत आणि इंग्रजीतही करायचे, सुनावणीचा सारांश शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचा, असे २००६ ची केंद्रीय अधिसूचना सांगते. ही वाचून दाखवण्याची अट शहाणपणाची आहे, कारण चूक पकडू शकणारा एकमेव माणूस, म्हणजे मूळ बोलणारा, तिथे हजर असतो. तत्काळ भाषांतरात तोही बाजूला पडतो. त्याच्या तोंडचे इंग्रजी काय झाले, हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून जिथे लोकांच्या जमिनीचा, पाण्याचा, कुळाच्या हक्काचा विषय आहे, तिथे दोन ट्रॅकचे मुद्रण ठेवणे आणि बोलणाऱ्याला मागितल्यावर ते देणे, ही अट दुभाषी लावणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने आणि आयोजकाने करारात घालावी, अशी माझी मागणी आहे.

आणि चाचणीचा उतारा इथलाच हवा. मुंबई-पुण्याहून येणारे काही उत्तम दुभाषी मानस म्हटले की मनाकडे वळतात, पावणी ऐकून पाहुणे आठवतात. कुळाला इंग्रजीत नुसते भाडेकरू म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फ्लॅट येतो, जमीन कसणारा येत नाही. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराचे तर त्याहून हाल. हे शब्द चाचणीच्या आदल्या दिवशी उमेदवारांना द्यायला हरकत नाही. खऱ्या कामातही चांगला दुभाषी आदल्या दिवशी शब्दांची यादी मागतोच, आणि जो मागत नाही त्याची मी तिथेच नोंद करते.

त्या चाचणीचा निकाल बदलला नाही. मी कागद घेऊन गेले तोवर पहिल्याला पत्र गेले होते. त्यालाही मी दोन्ही ट्रॅक ऐकवले. शेवटच्या वाक्याशी त्याने हेडफोन काढले, थोडा वेळ गप्प बसला, आणि विचारले, "बाई, ते बाबा अजून आहेत का? त्यांना सांगायला पाहिजे मी काय बोललो ते." आम्ही दोघे पुढच्या रविवारी गावात गेलो. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि आम्हांला बांधावर नेले. ओहोटी होती, मानशीची दारे उघडी होती, आतले पाणी बाहेर चालले होते.